डोळ्याआधी चष्मा तपासा



साठीच्या पुढच्या रुग्णांकडून वारंवार ऐकू येणारे एक वाक्य आहे, ‘डॉक्टर, नजर उतरली.’ या वाक्यामागे मोतीबिंदू असू शकतो, काचबिंदू असू शकतो, मधुमेहाने पडद्यावर केलेला परिणाम असू शकतो आणि त्या प्रत्येकाची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडेच व्हावयास हवी. परंतु त्या तपासणीला जाण्यापूर्वी घरच्या घरी दोन मिनिटांत करण्यासारखी एक परीक्षा आहे. ती डोळ्याची नसून चष्म्याची आहे. आजच्या लेखात तीच परीक्षा, चष्मा धुण्याची सुरक्षित रीत आणि नाकावरून घसरणारा चष्मा घरी कितपत नीट करता येतो, एवढ्याच गोष्टी पाहू.

दोष डोळ्याचा की काचेचा?

चष्मा घालून खुर्चीवर ताठ बसावे. समोरच्या भिंतीवर सात-आठ हात अंतरावर दिनदर्शिका टांगलेली असावी. एक डोळा तळहाताने झाकावा, दुसऱ्या डोळ्याने दिनदर्शिकेवरील एकाच अंकाकडे स्थिर पाहावे आणि मान न हलवता चष्म्याची फ्रेम बोटभर वर-खाली करावी. अंधुकपणा, डाग किंवा रेघ फ्रेमबरोबर वर-खाली सरकली, तर ती काचेवर आहे. फ्रेम हलवूनही अंधुकपणा जागचा हलत नसेल, तर कारण डोळ्यात किंवा चष्म्याच्या नंबरात शोधावयास हवे. दुसऱ्या डोळ्याचीही अशीच परीक्षा घ्यावी.

यानंतर चष्मा काढून हातभर अंतरावर, उजेडाच्या दिशेने तिरपा धरावा. बोटांचे तेल असेल तर इंद्रधनुषी झाक दिसते. पाण्याचे डाग असतील तर पांढरी वर्तुळे दिसतात. ओरखडे असतील तर दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा चमकतात. पहिले दोन दोष धुण्याने बहुधा जातात, तिसरा जात नाही.

येथे एक अपवाद आवर्जून लक्षात ठेवावा. नजर एकाएकी गेली, डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखे वाटले, विजेसारखे लखलखाट दिसू लागले, किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर चष्मा पुसत बसू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

ओरखडा पडतो कसा?

पूर्वीच्या चष्म्यांची भिंगे खरोखर काचेची असत. आज आपण ज्यांना सवयीने ‘काच’ म्हणतो, ती बहुतेक प्लास्टिकची असतात. ती हलकी असतात, पडल्यावर सहसा फुटत नाहीत, पण काचेपेक्षा पुष्कळ मऊ असतात. म्हणून त्यांवर कठीण लेप देतात आणि चकाकी कमी करण्यासाठी त्यावर आणखी एक लेप असतो. हे दोन्ही लेप एकत्र धरले तरी त्यांची जाडी आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून कमीच भरते.

आता आपल्याकडची धूळ पाहा. जळकोट परिसरात उन्हाळ्यात वावटळी उठतात, दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी चालते, रस्त्यांच्या कडेला खडी आणि वाळूचे ढीग असतात. या धुळीत खडकाचे व गारगोटीचे अतिसूक्ष्म कण असतात. गारगोटी काचेहूनही कठीण असते, मग प्लास्टिकची काय कथा! असा कण भिंगावर नुसता बसलेला असतो तोवर काही बिघडत नाही. आपण कोरड्या कापडाने तो दाबून फिरवतो, तेव्हा तो पॉलिशपेपरसारखे काम करतो.

म्हणूनच शेतातून किंवा बाजारातून आल्यावर धोतराच्या सोग्याने, उपरण्याने अथवा पदराने चष्मा पुसण्याची सवय घातक ठरते. सुती कापड स्वतः फारसा ओरखडा पाडत नाही. पण ज्या सोग्याने दिवसभर घाम आणि धूळ टिपली, त्यात कण आधीच रुतलेले असतात. ‘हा’ करून वाफ सोडून पुसणेही पुरेसे नाही. त्या वाफेने काच ओलसर होते इतकेच. कण उचलून वाहून नेण्याइतके पाणी त्यात नसते. पुसण्याआधी कण पाण्याने वाहून जावेत, हा सगळ्या रीतीचा गाभा आहे. कापडाचे काम फक्त पाणी टिपण्याचे आहे, धूळ काढण्याचे नाही.

धुण्याची रीत

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा जिल्ह्यात ‘नळाच्या धारेखाली चष्मा धरा’ असे सांगणे शोभणार नाही आणि त्याची गरजही नाही. एक तांब्या पाणी पुरते, आणि ते खाली भांड्यात धरून झाडाला घालता येते.

प्रथम स्वतःचे हात साबणाने धुवावेत. बोटांना खोबरेल तेल किंवा बाम लागलेला असेल, तर तोच काचेवर पसरतो. मग अर्धा तांब्या साधे पाणी दोन्ही भिंगांवर, पुढून आणि मागून, सावकाश ओतावे. या वेळी भिंगाला बोट लावू नये, कारण धूळ याच पाण्याबरोबर जाते. पाणी गार किंवा फार तर कोमट असावे. भिंग आणि त्यावरचे लेप उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून कढत पाण्याने लेपाला जाळीदार तडे जातात.

त्यानंतर भांडी घासण्याच्या पातळ साबणाचा एक थेंब ओल्या बोटांच्या टोकांवर घेऊन दोन्ही भिंगांच्या दोन्ही बाजूंवर हलकेच फिरवावा. याच फेसाने नोजपॅड, भिंगाची कड आणि कानामागे येणारे काडीचे टोकही चोळावे. घाम व तेल तेथेच साचते आणि चष्मा घसरण्याचे ते एक कारण असते. अंगाचा साबण शक्यतो टाळावा. त्यातील स्निग्धांशाचा पातळ थर काचेवर राहतो आणि धुऊनही चष्मा धुरकट दिसतो.

उरलेल्या अर्ध्या तांब्याने फेस पूर्ण काढावा आणि चष्मा हलकेच झटकावा. आता तो वाळत ठेवू नये. आपल्याकडील बोअरचे पाणी जड असते आणि ते काचेवरच सुकले, तर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. घरात पिण्यासाठी शुद्ध केलेले पाणी किंवा साठवलेले पावसाचे पाणी असल्यास शेवटची खळबळ त्याने करावी. ठिपके पडलेच, तर ते नखाने खरवडू नयेत. पुन्हा साबणाचे पाणी लावून थोडा वेळ थांबावे आणि धुवावे.

पाणी टिपण्यासाठी चष्म्याबरोबर मिळणारा मायक्रोफायबरचा रुमाल किंवा पुष्कळ वेळा धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराचा स्वच्छ तुकडा घ्यावा. आधी कापड नुसते टेकवून पाणी शोषू द्यावे, मग हलक्या हाताने पुसावे. ज्या बाजूचे भिंग पुसतो, त्याच बाजूची फ्रेम चिमटीत धरावी. उजवी काडी धरून डावे भिंग पुसले, तर सारा पीळ नाकावरच्या पुलावर येतो आणि फ्रेम तेथेच वाकते किंवा तुटते. हा रुमाल दर आठवड्याला साध्या साबणाने धुवावा आणि चष्म्याच्या डबीतच ठेवावा. कपडे मऊ करणारे द्रव त्याला लावू नये. जमिनीवर पडलेला रुमाल धुतल्याशिवाय काचेला लावू नये.

घराबाहेर असताना पाणी जवळ नसेल, तर चष्मा न पुसलेला बरा. अगदीच अडले, तर पिण्याच्या बाटलीतील दोन घोट पाणी भिंगांवर ओतून स्वच्छ रुमालाने टिपावे.

काय लावू नये

राख, माती, भांड्यांची वडी आणि कपड्यांची पूड हे सर्व घासणारे पदार्थ आहेत. टूथपेस्टने ओरखडे जातात, असा समज गावोगावी आहे. टूथपेस्टमध्येही दात घासण्यासाठी बारीक कण असतात. त्यांनी एक खोल ओरखडा नाहीसा होत नाही, मात्र भोवतालचा लेप खरवडला जाऊन पूर्वी जेथे एक रेघ होती, तेथे धुरकट पट्टा तयार होतो. भिंगावरचा ओरखडा घरी भरून काढण्याचा कोणताही उपाय नाही.

करोनाच्या काळात हाताचे सॅनिटायझर चष्म्याला लावण्याची सवय अनेकांना जडली. त्याने आणि स्पिरिटने काही प्रकारचे लेप व प्लास्टिकच्या फ्रेमी खराब होतात. रॉकेल, पेट्रोल आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव तर प्लास्टिकच विरघळवू शकतात. चष्मा चुलीजवळ, उन्हातल्या गाडीच्या काचेमागे किंवा खिडकीच्या तापलेल्या कठड्यावर ठेवणेही टाळावे.

ओरखडा कडेला असेल, तर त्याने सहसा फारसा त्रास होत नाही. तो बाहुलीच्या समोर असेल, तर प्रकाश विखुरतो, रात्री समोरून येणाऱ्या वाहनाचा दिवा फाकलेला दिसतो आणि पायरीची कड अस्पष्ट होते. असे भिंग बदलणेच योग्य. फ्रेम चांगली असेल, तर तीच ठेवून फक्त भिंगे बदलून मिळतात.

घसरलेला चष्मा आणि दुखणारी मान

स्वच्छ काचही योग्य जागी नसेल, तर तिचा उपयोग अर्धाच होतो. हे समजण्यासाठी एका रुग्णाचे उदाहरण पाहू. वय बहात्तर, निवृत्त शिक्षक, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. तक्रारी दोन होत्या. ‘मोतीबिंदू पुन्हा आला’ ही पहिली आणि गेल्या तीन-चार महिन्यांपासून मान दुखते ही दुसरी. मानेसाठी ते वेदनाशामक गोळ्या घेत होते, आणि रक्तदाबाच्या रुग्णाने त्या फार दिवस घेणे बरे नाही.

त्यांना गोळ्यांच्या पाकिटावरील अक्षरे वाचावयास सांगितली. त्यांनी हनुवटी वर उचलली, मान मागे टाकली आणि मग वाचू लागले. कारण त्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा, म्हणजे बायफोकल होता. अशा भिंगात वरचा भाग दूरचे पाहण्यासाठी आणि खालची चंद्रकोर वाचण्यासाठी असते. चंद्रकोरीची वरची रेघ साधारणतः खालच्या पापणीच्या कडेशी यावी लागते. त्यांच्या चष्म्यात ती रेघ पापणीच्या पुष्कळ खाली, गालाजवळ उतरली होती. वाचण्याचा भाग डोळ्यासमोर आणण्यासाठी ते दिवसभर मान मागे टाकत होते. ज्या मानेचे मणके वयोमानाने झिजलेले आहेत, तिला हे सोसत नाही.

चष्मा टेबलावर काड्या उघडून ठेवला, तेव्हा तो एका बाजूला डुगडुगत होता. उजवी काडी धरून वर उचलली, की आपोआप खाली पडत होती. म्हणजे बिजागरीचा स्क्रू सैल होता. नोजपॅड फाकलेले होते. चष्मा ते उजव्या हाताने, एकाच काडीला ओढून काढत असत. या सवयीने एका बाजूची बिजागरी हळूहळू फाकते.

चष्मा धुतला. स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि दोन्ही नोजपॅड किंचित आत घेतले. रेघ पापणीच्या कडेशी आली आणि गुरुजींनी तेच पाकीट मान सरळ ठेवून वाचले. मात्र वरील परीक्षेत उजव्या भिंगाच्या मध्यभागी धोतराने पडलेले कमानदार ओरखडे आढळले होते. दिव्याचा फाकलेला उजेड त्यांमुळे होता आणि तो धुण्याने गेला नाही. उदगीरला जाऊन त्यांनी ते भिंग बदलून घेतले आणि तेथेच डोळ्यांची तपासणीही केली. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी कृत्रिम भिंगामागचे आवरण धुरकट होऊ शकते आणि लोक त्यालाच ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणतात, म्हणून ही तपासणी आवश्यक होती. त्यांच्या बाबतीत आवरण स्वच्छ निघाले. तीन आठवड्यांनी मानेचे दुखणे पुष्कळ कमी झाले. पूर्ण गेले नाही, कारण मणक्यांची झीज चष्म्याने जात नाही. पण रोजची गोळी थांबली.

स्क्रू आवळताना

हे काम शक्यतो घरातील चांगल्या नजरेच्या व्यक्तीने करावे. ज्यांचा चष्मा आहे, त्यांना तो काढल्यावर स्क्रू दिसत नाही, ही यातली गंमत आहे. दिवसाच्या उजेडात ताटात पांढरा रुमाल अंथरून त्यावर काम करावे, म्हणजे निसटलेला स्क्रू घरंगळत नाही. घड्याळे दुरुस्त करण्याच्या पेचकसांचा लहान संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्यातील ज्या पेचकसाचे पाते स्क्रूच्या खाचेत नीट बसते, तोच वापरावा. सुरीचे टोक किंवा सुई वापरली, तर ती घसरून खाच झिजते आणि भिंगावर ओरखडाही पडतो.

काडी अर्धवट मिटून बिजागरीला बोटाने खालून आधार द्यावा आणि पेचकस घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव-पाव फेरा फिरवावा. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर काडी उघडून पाहावी. अर्धवट उघडून सोडलेली काडी तेथेच थांबली, म्हणजे पुरे झाले. ती उघडताना जोर लावावा लागत असेल, तर स्क्रू किंचित सैल करावा.

स्क्रू आवळूनही आठवडाभरात पुन्हा सैल होत असेल, तर त्याच्या डोक्यावर रंगहीन नेलपॉलिशचा लहानसा थेंब काडीच्या टोकाने लावून सुकू द्यावा. झटकन चिकटणारा गोंद मात्र कधीही वापरू नये. त्याच्या वाफेने भिंगावर पांढरा थर चढतो आणि पुढे दुकानदारालाही स्क्रू उघडता येत नाही.

काही फ्रेमींत भिंगाच्या कडेला, बिजागरीजवळ, आणखी एक स्क्रू असतो आणि तो भिंग धरून ठेवतो. भिंग खुळखुळत असेल, तर ते खाचेत नीट बसले आहे हे पाहून हा स्क्रू आवळावा, पण फार घट्ट करू नये. तसे केल्यास भिंगाची कड तडकते. ज्या काड्या बाहेरच्या बाजूलाही ताणल्या जातात, त्यांच्या बिजागरीत स्प्रिंग असते. तिचा स्क्रू घरी उघडू नये. स्प्रिंग उडाली, की ती परत बसवणे कठीण असते.

नोजपॅड आत-बाहेर करताना

ज्या फ्रेमीत नोजपॅड बारीक तारेवर बसवलेले असतात, त्याच घरी सारख्या करता येतात. प्लास्टिकच्या फ्रेमीत नाकाचा आधार फ्रेमीतच ओतलेला असतो, तेथे काही करू नये.

नियम सोपा आहे. नोजपॅड एकमेकांच्या जवळ आणले, की चष्मा नाकावर वर चढतो. लांब नेले, की खाली उतरतो. ज्या बाजूचे पॅड हलवायचे, त्या बाजूची फ्रेम डाव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरावी आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने पॅड अगदी थोडे, तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्या जाडीइतके, ढकलावे. दुसरे पॅडही तितकेच हलवावे. मग चष्मा घालून आरशात पाहावे आणि गरज असल्यास पुन्हा थोडे ढकलावे. तार वारंवार वाकवली तर तुटते, म्हणून दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही, तर थांबावे. पॅड पिवळे, कडक किंवा हिरवट झाले असेल, तर ते बदलून घ्यावे. ते महाग नसते.

बायफोकल वापरणाऱ्यांसाठी यात एक धोका आहे. पॅड फार जवळ आले, तर चष्मा अधिक वर चढतो आणि वाचण्याची चंद्रकोर चालताना जमिनीच्या आड येते. मग पायरी अंधुक व जवळ आल्यासारखी दिसते आणि पाय चुकतो. म्हणून चष्मा सारखा केल्यावर प्रथम उभे राहून दोन पावलांपुढची फरशी स्पष्ट दिसते का, हे पाहावे. मग सपाट जागी थोडे चालावे आणि त्यानंतरच, कठडा धरून, जिना उतरावा.

काडीचा बाक

चष्मा टेबलावर सरळ बसतो, स्क्रू घट्ट आहेत, पॅडही बरोबर आहेत आणि तरी तो घसरतो, तर काडीचा बाक पाहावा. काडी कानावर टेकते, बरोबर तेथूनच ती खाली वळावयास हवी. बाक कानाच्या मागे फार दूर सुरू होत असेल, तर चष्मा पुढे घसरतो. तो कानाच्या आधीच सुरू होत असेल, तर कानामागे टोचते.

प्लास्टिकचे आवरण असलेल्या काडीचे फक्त टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवावे. पाणी उकळते नसावे. बोट क्षणभर बुडवता येईल, पण ठेवता येणार नाही इतके गरम पुरे. भिंगे पाण्याच्या जवळही आणू नयेत. टोक पुसून, दोन्ही हातांच्या अंगठ्यांच्या आधाराने बाक हवा तेथे हळूच आणावा आणि गार पाण्यात धरून पक्का करावा. हात थरथरणाऱ्या व्यक्तीने हे काम स्वतः करू नये. वाकवली तरी पुन्हा पूर्ववत होणारी काडी, अखंड धातूची काडी आणि तडा गेलेली काडी घरी वाकवू नये. तसेच टेबलावर डुगडुगणाऱ्या चष्म्याची काडी बिजागरीपाशी वाकवणेही दुकानदारावर सोपवावे.

टेबलावर सरळ बसणारा चष्मा चेहऱ्यावर तिरपा दिसला, तर घाबरू नये. अनेकांचे दोन कान एका रेषेत नसतात. चष्म्याचे दुकानदार अशी जुळवणी बहुधा काही मिनिटांत करून देतात.

नाक आणि कान यांची त्वचा

शुश्रूषा करणाऱ्यांनी आंघोळीच्या वेळी चष्म्याखालची त्वचा रोज पाहावी. वृद्धांची त्वचा पातळ असते आणि मधुमेहात जखम उशिरा भरते. चष्मा काढल्यावर नाकावर उमटलेला लाल ठसा अर्ध्या तासात जावयास हवा. तो तसाच राहत असेल, तर पॅडचा दाब एका ठिकाणी येत आहे असे समजावे. श्रवणयंत्र किंवा ऑक्सिजनची नळी वापरणाऱ्यांच्या कानामागे काडीशिवाय आणखी एक वस्तू टेकलेली असते, म्हणून तेथे घडी उलगडून पाहावे. धातू जेथे टेकतो तेथेच खाज व काळपट चट्टा येत असेल, तर निकेल धातूची अ‍ॅलर्जी असू शकते. फ्रेम बदलल्याशिवाय तो चट्टा केवळ मलमाने जात नाही.

चष्म्याच्या दाबाने कधी नाकाशेजारी किंवा कानामागे चिरेसारखा खोलगट, उंचावलेल्या कडांचा फोड तयार होतो. जुळवणी नीट केली, की तो सहसा बसू लागतो. पण जुळवणी करूनही जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तिच्यातून रक्त येत राहिले किंवा तिची कड मोत्यासारखी चकाकू लागली, तर दोष चष्म्याला देऊन थांबू नये. अशा जखमेत त्वचेच्या कर्करोगाची शक्यता तपासावी लागते. लवकर कळल्यास त्याचा इलाज सहसा पूर्ण होतो, म्हणून ती जखम डॉक्टरांना दाखवावी.

रोजच्यासाठी दोन सवयी पुरेशा आहेत. सकाळी तोंड धुताना त्याच वेळी चष्माही धुवावा. आणि चष्मा काढताना दोन्ही काड्या दोन्ही हातांनी धरून सरळ पुढे काढावा, भिंगे वर ठेवून डबीत ठेवावा. उशाशी उघडा ठेवलेला चष्मा रात्री पाणी घेण्यासाठी चाचपडणाऱ्या हाताखाली येतो आणि सकाळी तो डुगडुगताना आढळतो.